मी गाळलेली ओळ

लहानपणी माझी अशी पक्की समजूत होती की ‘इट’ नावाचा कुणी मोठा साहेब आहे. साठच्या दशकात तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं. त्या कामावरच्या एका ठेकेदाराच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून माझे वडील साताऱ्याकडून बोईसरला आले आणि इथलेच होऊन गेले. संध्याकाळी कधीमधी ते कार्बनच्या वाया गेलेल्या प्रती घरी आणायचे. पाठकोऱ्या कागदावर मी चित्रं काढायची आणि ते पुढची बाजू मला वाचून दाखवायचे. इट इज रिग्रेटेड. इट हॅज बीन डिसायडेड. इट मे प्लीज बी नोटेड. दिलगिरी इटच व्यक्त करायचा, निर्णयही तोच घ्यायचा. हा माणूस घरी कधी जात असेल, असं मी एकदा विचारलं तर वडील हसले नाहीत. म्हणाले, “इंग्रजी पत्रात माणूस दिसता कामा नये. दिसला की सापडला.”

मी ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं आणि त्यावर उभी नोकरी काढली.

ती नोकरी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात. सूत आणि लोकर रंगवायला लागणाऱ्या रंगाची भुकटी तिथं तयार व्हायची. मी लागले तेव्हा टाइपरायटर होता, मग फॅक्स आला, मग ईमेल. यंत्रं बदलली तरी माझी खुर्ची तीच राहिली, कारण कारखान्यातलं इंग्रजी माझ्याकडे होतं. परदेशी जाणारं प्रत्येक मेल आधी माझ्यापुढे यायचं. पालघरहून सकाळी येऊन मी डबा कपाटात ठेवायच्या आत कुणीतरी कागद घेऊन उभा असायचा, “मॅडम, जरा बघता का?” मी बघायची, आणि भावही खायची. माझा स्वभाव तसा तोऱ्याचाच.

आमची माणसं मनात मराठीत किंवा हिंदीत बोलायची आणि ते शब्दाला शब्द लावून इंग्रजीत उतरवायची. खरेदीखात्यातला माणूस लिहायचा, ‘आय अ‍ॅम हॅविंग वन डाउट.’ आपल्याकडे डाउट विचारणं म्हणजे शंका विचारणं, पण पलीकडच्याला वाटायचं की हा आपल्यावर संशय घेतोय. मी तिथं साधा ‘क्वेश्चन’ घालायची. ‘काइंडली डू द नीडफुल’ दिसलं की मी विचारायची, “अहो, पण नेमकं काय करायचं त्यानं? ते लिहा की!” डिस्पॅचवाले ‘वी विल ट्राय’ लिहायचे. आपण “प्रयत्न करतो” म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला कळतं की बहुतेक जमणार नाही, फक्त तोंडावर नाही म्हणवत नाही. तिकडचा माणूस मात्र प्रयत्न चालू आहे असं समजून वाट बघत बसायचा. या सगळ्या दुरुस्त्या मी चांगल्या करायची, यात मला आजही शंका नाही. माझं चुकलं ते दुसरीकडेच.

प्रयोगशाळेत आमचा केमिस्ट होता. चिंचणीचा, पिढ्यान्‌पिढ्या चिकूची वाडी असलेल्या घरातला. पालघरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेला, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. मी त्याला भाऊ म्हणायची, तो मला ताई. रंगाचा प्रत्येक घाणा तयार झाला की तो त्यात लोकरीची एक लडी रंगवायचा आणि उत्तरेच्या खिडकीशी उभा राहून मूळ नमुन्याशी ताडून बघायचा. रंग जुळतो की नाही ते सांगणारं यंत्र होतं आमच्याकडे, पण यंत्राआधी तो डोळा लावायचा आणि बहुतेक वेळा डोळाच बरोबर निघायचा.

आमचं एक जुनं गिऱ्हाईक इंग्लंडात होतं, गालिचे विणणारा कारखाना. तिथल्या रंगखात्याची प्रमुख एक बाई होती. तिचं आणि आमच्या केमिस्टचं नऊ वर्षं मेलवर बोलणं चालू होतं. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं, आवाजही ऐकला नव्हता. रंग थोडा तांबूस हवा, थोडा गडद हवा, एवढंच कामाचं. पण मेलाच्या शेवटी तो स्वतःच एखादी ओळ घालायचा आणि ती मला दाखवायचा नाही. वाडीत चिकू उतरवायला सुरुवात झाली, कावळ्यांनी यंदा फार त्रास दिला, असं काहीतरी. तीही विचारायची, तुझी झाडं कशी आहेत? एकदा तिनं चिकूची चव कशी असते ते विचारलं तेव्हा यानं लिहिलं होतं, ‘लाइक जॅगरी विच हॅज सॅंड.’ वाळू असलेल्या गुळासारखी. मला ते नंतर कळलं आणि मी कपाळावर हात मारला. पण तिला ते फार आवडलं होतं. तिनं ते आपल्या खात्यातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं म्हणे.

एका बुधवारी तिचं मेल आलं ते वेगळं होतं. आमच्याकडून गेलेल्या मरून रंगाच्या चाळीस ड्रमांपैकी दोन तिनं उघडले होते, आणि दोन्हींचा रंग वेगवेगळा उतरला होता. एक बरोबर, दुसरा मळकट. सोमवारी तिला मोठं काम रंगवायला घ्यायचं होतं. तिनं दोनच प्रश्न विचारले होते. काय झालं? आणि आता मी यातलं काय वापरू?

कारखान्याचा मालक, आमचा शेठ, तापला. तो केमिस्टला माझ्यासमोरच म्हणाला, “ये पार्टी गई तो तुम भी गए समझो.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “मॅडम, ऐसा लिखो की अपने ऊपर कुछ आना नहीं चाहिए.” आणि गाडीत बसून वापीला लग्नाला निघून गेला.

केमिस्ट तासाभरानं मसुदा घेऊन आला. त्याचा चेहरा उतरला होता. पन्नाशीच्या आसपासच्या माणसाला बोईसरमध्ये नवी नोकरी कोण देणार, हे मलाही कळत होतं. मी कागद हातात घेतला आणि वाचता वाचता मला हसू आवरेना.

सुरुवातीला देवाच्या कृपेनं तू बरी असशील, तुझ्या घरचे सगळे बरे असतील, तुमच्याकडची थंडी कमी झाली असेल, अशी विचारपूस. मग लिहिलं होतं, ‘ट्रक वॉज स्टॅंडिंग ऑन माय हेड.’ ट्रक माझ्या डोक्यावर उभा होता. पुढं, ‘माय माइंड वॉज नॉट टेकिंग.’ मन घेत नव्हतं. आणि त्याच्या खाली, एका ओळीत एकटंच, ‘हिअर आय हॅव ईटन सॉइल.’

“भाऊ,” मी डोळे पुसत म्हटलं, “माती खाल्ली म्हणून कळवलंत तिला?”

“मग काय खाल्लं, ताई? मातीच खाल्ली ना.”

झालं होतं असं. आमचं मिश्रणाचं यंत्र एका वेळी वीस ड्रमांचा माल घ्यायचं. पहिले वीस नीट घोळले गेले. दुसरे वीस घोळत असताना वीज गेली, ती तासाभरानं आली. तोवर ट्रक येऊन फाटकाशी उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, कारण माल त्याच दिवशी बंदराकडे निघायचा होता. शिफ्टवाल्यानं यंत्र थोडा वेळ फिरवलं आणि माल ड्रमात भरला. नियम असा की वेगवेगळ्या ड्रमांतून भुकटी काढून तपासायची. केमिस्टनं त्या दिवशी फक्त तिसऱ्या ड्रममधली काढली. ती उत्तम निघाली आणि त्यानं चाळीसच्या चाळीस ड्रमांवर सही केली.

हे सगळं त्या मसुद्यात होतं. आणि अगदी तळाला, सही करण्याआधी, त्यानं लिहिलं होतं की एक ते वीस ड्रम एक नंबर आहेत, बिनघोर वापर. एकवीसपासून पुढच्याला हात लावू नकोस.

आमच्याकडची ही रीतच आहे. माणूस घरी येतो, बसतो, चहा घेतो, पाऊसपाण्याचं बोलतो आणि चपला घालता घालता म्हणतो, बरं, एक काम होतं. खरं काम उंबऱ्यावर निघतं. केमिस्टचा मसुदाही तसाच होता. तिला हवी असलेली गोष्ट सगळ्यात खाली, चपलांपाशी.

मी त्याला म्हटलं, “ठेवा इथं, बघते मी.” आणि बघितलं ते असं की त्याचं एकही वाक्य शिल्लक ठेवलं नाही. चौकशी काढली, ट्रक काढला, माती काढली. माझ्या वडिलांचा इट आला. सदर मालाच्या मिश्रणात विजेच्या अनपेक्षित खंडामुळे व्यत्यय आल्याचं निदर्शनास आलं आहे. चौकशी सुरू करण्यात आली आहे. योग्य ती पावलं उचलण्यात येत आहेत. झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे. एक स्पेलिंग चुकलेलं नव्हतं, स्वल्पविराम जागच्या जागी होते. ड्रमांची ओळ मी गाळली. वीस ड्रम खराब आहेत असं आपल्याच हातानं लिहून द्यायचं म्हणजे त्याच्याच गळ्याला दोर. त्याला वाचवतेय असं मला तेव्हा खरंच वाटत होतं. शिवाय, खोटं कशाला बोलू, आपलं इंग्रजी किती घोटीव उतरलंय याचाही आनंद झाला होता.

त्यानं ते पडद्यावर वाचलं. दोनदा वाचलं. “ड्रमचं नाय लिवलं?” त्यानं विचारलं.

“चौकशी चालू आहे म्हटलंय ना. नंतर कळवू.”

“तिला सोमवारी लावायचाय रंग.”

“भाऊ, तुम्हाला नोकरी टिकवायची आहे ना?”

त्यानं पडद्यावरची नजर काढली. मग म्हणाला, “तुमाला कळतं, ताई. आमी काय, रंगातले.” आणि मेल त्याच्या नावानं, त्याच्या पत्त्यावरून गेलं.

उत्तर गुरुवारी दुपारी आलं. फक्त तीन वाक्यं होती. तुझ्या मेलाबद्दल आभार. मी कुठले ड्रम वापरू शकते ते यातून मला कळलं नाही. आणि हे तू लिहिल्यासारखं वाटत नाही.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. तिसरं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. नऊ वर्षं त्या बाईनं मेलांच्या तळाशी याचं मोडकंतोडकं, वाळूच्या गुळाचं इंग्रजी वाचलं होतं. तिला त्याचा आवाज पाठ होता. त्या आवाजाच्या जागी एक इस्त्रीचा कोट येऊन उभा राहिला तेव्हा तिनं काय समजायचं? काहीतरी लपवताहेत, हेच. वडील म्हणायचे दिसला की सापडला. इथं माणूस दिसला नाही म्हणून सापडला होता.

मी वापीला शेठला फोन लावला. मागं सनई वाजत होती. मी सरळ सांगितलं की ड्रमांची ओळ त्यानं लिहिली होती, मी गाळली, आणि ती कळवली नाही तर बाई सगळेच ड्रम परत पाठवील आणि पुन्हा आपल्या दारात येणार नाही. शेठ सनईपासून जरा लांब गेला. मग म्हणाला, “ठीक है. जो सच है वो लिखो. लेकिन ढंग से लिखना.”

केमिस्टला मी खुर्ची ओढून शेजारी बसवलं. या वेळी त्याचा कागद मी समोर घेतलाच नाही. त्याचे इंग्रजी शब्द दुरुस्त करत बसलं की मराठीचीच वाक्यं इंग्रजीचे कपडे घालून येतात, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक होतं. आणि ते सोडून नुसतं ऑफिसचं इंग्रजी घातलं की काय होतं ते कालच कळलं होतं. मी म्हटलं, “भाऊ, इंग्रजी विसरा. ती बाई या स्टुलावर बसलीय असं समजा आणि काय झालं ते आपल्या भाषेत सांगा.”

त्यानं स्टुलाकडे बघितलं. थोडा लाजला. मग सांगायला लागला, “बाई, गाडी गेटावर आली होती, तो डायवर नुसता हॉर्न मारी. मी घाई केली. एकाच ड्रममधला माल बघितला. मन घेत नव्हतं, तरी सही केली. लाइट गेलेली मला म्हायती होती. मी बघायला पायजे होतं.”

मी टाइप करत गेले. ट्रक डोक्यावरून उतरून फाटकाशी उभा राहिला, आणि पुढं चार शब्दांत, मी घाई केली. मन घेत नव्हतं याला मी बराच वेळ अडले. मन घेणं किंवा न घेणं असं इंग्रजीत होत नाही. मी त्याला विचारलं, “म्हणजे नेमकं काय वाटत होतं?” तो म्हणाला, “पोटात बरं वाटत नव्हतं, म्हणजे आजारी नव्हतो, पण चैन नाय.” मग मी लिहिलं की मला त्याबद्दल स्वस्थ वाटत नव्हतं, तरी मी सही केली. तिकडचा माणूस हे असंच बोलेल.

क्रम मात्र मी बदलला. ड्रमांची ओळ उचलून सगळ्यात वर ठेवली. एक ते वीस चांगले आहेत, वापरा. एकवीस ते चाळीस वापरू नका. त्यावर तो एकदम अडून बसला.

“असं कसं, ताई? धाडकन? माणूस दारात आला तर आधी बस तरी म्हणतो ना आपण. पानी तरी देतो.”

“तिला सोमवारची घाई आहे. तिला जे हवंय ते पहिल्या ओळीत देणं, हेच तिकडं पाणी देणं.”

त्यानं थोडा विचार केला आणि मान हलवली. दिलगिरी त्याला प्रत्येक ओळीत हवी होती, मी ती एकदाच ठेवली. पाच वेळा माफी मागितली की पलीकडच्यालाच अवघडल्यासारखं होतं. देवाच्या कृपेची चौकशी काढून टाकायला तो तयार झाला, पण माती सोडायला तयार होईना. मी त्या जागी ‘आय शुड हॅव नोन बेटर’ लिहिलं होतं. इतक्या वर्षांचा अनुभव असलेल्या माणसानं असं करायला नको होतं, असा त्याचा अर्थ मी सांगितला.

त्यानं बोट ठेवून ती ओळ वाचली. “यात माती हाय का?”

“आहे,” मी म्हटलं. “सगळी आहे.”

“मग ऱ्हाऊ द्या.”

मी ते पूर्ण मेल त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. जिथं माझी जीभ अडली तिथं वाक्य मोडून लहान केलं. कानाला लागतं ते डोळ्याला दिसत नाही. आता ते इंग्रजी होतं आणि तरी त्याचंच होतं. मला बरं वाटत होतं. तेवढ्यात तो म्हणाला, “आणि एक लिवा. हे मी कालच सांगायला पायजे होतं, सांगितलं नाय.”

माझे हात थांबले. “पण तुम्ही तर लिहिलं होतं. मी काढलं ते.”

“तुमचं नाव कशाला मधी? मेल माज्या नावानं गेलंय. तिला काय म्हायती, दोन माणसं हायत इथं?”

मी नाही म्हणायला हवं होतं. ‘आमच्या ऑफिसातून ती ओळ गाळली गेली’ असं लिहिता आलं असतं, किंवा सरळ माझं नाव. मी काहीच केलं नाही. त्यानं सांगितलेलं वाक्य छान, स्वाभाविक इंग्रजीत टाइप केलं आणि मेल पाठवलं. त्या अख्ख्या मेलात तेवढं एकच वाक्य खोटं होतं, आणि ते मला वाचवणारं होतं.

शुक्रवारी तिचं उत्तर आलं. वीस ड्रम ती वापरणार होती, वीस परत पाठवणार होती. खरेदी चालू राहील, पण यापुढे दर पाचव्या ड्रममधला नमुना आधी कुरियरनं पाठवायचा. स्पष्ट सांगितल्याबद्दल आभार मानले होते, पण पुढं एक ओळ होती. हे पहिल्याच दिवशी तुझ्याकडून कळलं असतं तर बरं झालं असतं. खाली तिचं पूर्ण नाव आणि हुद्दा. एरवी ती नुसतं पहिलं नाव लिहायची.

शेठ दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही, पण केमिस्टची नोकरी राहिली. नमुने वेळेवर जाऊ लागले, रंग बरोबर येऊ लागला. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, सगळं सुरळीत झालं.

फक्त ती चिकूचं विचारीनाशी झाली. पहिलं वर्षभर तो आपली ओळ घालत राहिला, यंदा बहर चांगला आहे, यंदा वारा फार. उत्तरात कामाचं तेवढं यायचं. मग त्यानंही ती ओळ घालणं सोडलं. पण तिचं मेल उघडलं की तो आधी तळाला जायचा, तिथं काही नाही हे बघायचा, आणि मग वरून वाचायला लागायचा. मी माझ्या खुर्चीतून ते बघायची. चार वर्षं बघितलं. मला ते बघवायचं नाही, आणि बोलवायचंही नाही. तो मला एका शब्दानं कधी बोलला नाही, याचाच जास्त राग यायचा. त्याच्यावर नव्हे, स्वतःवर.

मी निवृत्त झाले त्या दिवशी तो चिंचणीहून पाटीभर चिकू घेऊन आला. परदेशी गिऱ्हाइकांना निरोपाचं एक मेल पाठवायचं म्हणून मी सकाळपासून बसले होते. कंपनीशी प्रदीर्घ काळ जोडलं जाणं हा सन्मान होता, आपल्या सहकार्याची नोंद कृतज्ञतेनं घेण्यात येत आहे, वगैरे. मी गमतीनं म्हटलं, “भाऊ, आयुष्यभर मी तुमची मेलं तपासली, आज तुम्ही माझं तपासा.”

त्यानं चष्मा लावला, सावकाश वाचलं. “लई स्वच्छ लिवलंय,” तो म्हणाला. मग चिकूची पाटी टेबलावरून बाजूला सरकवत म्हणाला, “यात माती नाय, ताई.”

तो प्रयोगशाळेत गेल्यावर मी ते मेल तसंच सगळ्यांना पाठवून दिलं. इंग्लंडातल्या बाईला मात्र नाही. तिच्यासाठी कोरं पान उघडलं. पहिलं वाक्य हातातून आपोआप उतरलं ते असं की अमुक एक ओळ गाळली गेली होती. म्हणजे बसला होताच इट, चाळीस वर्षांची सवय. मी ते पुसलं. मग समोरच्या स्टुलाकडे बघितलं आणि तिला मराठीत सांगितलं. खोलीत कुणी नव्हतं, तरी हळूच सांगितलं. बाई, तुम्ही मला ओळखत नाही. चार वर्षांपूर्वी त्या ड्रमांबद्दल आमच्या केमिस्टनं पहिल्याच दिवशी लिहिलं होतं. ती ओळ मी काढली. मी घाबरले होते, आणि मला माझ्या इंग्रजीचा गर्व होता. त्यानं दोष स्वतःवर घेतला आणि मी घेऊ दिला. तुम्ही त्याला जसं ओळखत होतात तसाच तो होता.

मग ते इंग्रजीत लिहिलं. नोकरीतलं माझं सगळ्यात छोटं मेल असेल ते. ‘आय टुक इट आऊट’ हे वाक्य मी मोठ्यानं वाचून बघितलं. जीभ अडली नाही. मी ते त्याला दाखवलं नाही, कारण त्यानं पाठवू दिलं नसतं. बटण दाबलं, कपाटातला डबा घेतला आणि चिकूची पाटी रिक्षात ठेवून स्टेशनला आले.

मला उत्तर आलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता. ऑफिसचा पत्ता ऑफिसातच राहिला होता. घरी आठवडाभर मी चिकू पिकायची वाट बघत होते आणि आपण उगाच जुनं उकरलं का, असं स्वतःलाच विचारत होते. एका दुपारी पालघरच्या घरी फोन वाजला. केमिस्टच होता.

“ताई, काय लिवलं तुमी बाईला?”

“का? काय झालं?” मी विचारलं.

“तिचं मेल आलंय, माज्या नावावर. कामाचं काय नाय त्यात.” तो म्हणाला. “इचारलंय, झाडं कशी हायत?”

मी पाटीतला एक चिकू उचलून दाबून बघितला. म्हटलं, “मग? काय लिहिताय?”

“लिवतो ना. आताच बसतोय लिवायला.” मग तो हसला. “पण तुमी नका बगू हां.”

“नाही बघत,” मी म्हटलं.